जमा कोणाचे, नावे कोणाच्या?

पगाराच्या दिवशी मोबाईलवर बँकेचा संदेश येतो की तुमचे खाते क्रेडिट झाले. संध्याकाळी एटीएममधून पैसे काढले की दुसरा संदेश येतो, खाते डेबिट झाले. वर्षानुवर्षे हे वाचून आपल्या मनात एक समज घट्ट बसतो: क्रेडिट म्हणजे वाढले, डेबिट म्हणजे घटले. मग घरातले एखादे मूल अकरावीला वाणिज्य शाखेत जाते, पुस्तपालनाचे पुस्तक उघडते आणि पहिल्याच धड्यात वाचते की दुकानात रोकड आली तर रोकड खाते डेबिट करावे. मूल विचारते, "अम्मी, पैसे आले तर क्रेडिट ना?" आणि घरात कोणाकडेच उत्तर नसते.

शाळेत उत्तर म्हणून तीन नियम पाठ करायला देतात. घेणाऱ्याचे खाते नावे, देणाऱ्याचे जमा. जे येते ते नावे, जे जाते ते जमा. खर्च आणि तोटे नावे, उत्पन्न आणि नफे जमा. नियम तिन्ही खरे आहेत. पण ते असे का आहेत हे सांगितले जात नाही, आणि कारण कळल्याशिवाय पाठ केलेला नियम परीक्षेनंतर महिनाभरही टिकत नाही, हा माझा वर्गातला अनुभव आहे. मी स्वतः भाषा शिकवते. हिशेबाकडे मी वळले ते शिक्षकांच्या एका लहानशा पतसंस्थेच्या वह्या पाहू लागल्यावर, आणि मला हा विषय उलगडला तो आकड्यांतून नाही, तर 'जमा' आणि 'नावे' या दोन शब्दांतून. मराठीत डेबिटला नावे म्हणतात आणि क्रेडिटला जमा. इंग्रजी शब्द थोडा वेळ बाजूला ठेवू या.

वाण्याची वही

कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातली उधारीची वही आठवा. प्रत्येक गिऱ्हाइकाचे एक पान असते आणि पानाच्या डोक्यावर त्याचे नाव. आपण साखर-तेल उधार नेले की दुकानदार म्हणतो, "तुमच्या नावे लिहून ठेवतो." म्हणजे एवढी रक्कम या माणसाकडून यायची आहे. पहिल्या तारखेला आपण पाचशे रुपये देतो तेव्हा तो म्हणतो, "जमा करून घेतो." म्हणजे या माणसाने एवढे दिले. जमा हा मुळात अरबी शब्द, गोळा होणे, एकत्र येणे या अर्थाचा. जुमा आणि जमात त्याच धातूतून आले.

या वहीत वाढ-घट असा अर्थ कुठेच नाही. नावे म्हणजे या पानाच्या धन्याकडून येणे आहे. जमा म्हणजे या पानाच्या धन्याने दिले आहे. कोणी घेतले आणि कोणी दिले, एवढाच प्रश्न आहे.

युरोपातल्या शब्दांचाही हाच अर्थ निघतो. डेबिट ज्या लॅटिन शब्दावरून आला त्याचा अर्थ देणे लागणे, आणि क्रेडिट ज्यावरून आला त्याचा अर्थ विश्वास ठेवणे. ज्याने माझ्यावर विश्वास ठेवून मला काही दिले तो क्रेडिटच्या बाजूला. इटलीतले व्यापारी आपल्या वह्यांत 'याने द्यायचे आहे' आणि 'याला मिळायचे आहे' अशा अर्थाचे शब्द लिहीत. जिनोव्हा शहराच्या कारभाराची १३४० सालची दुहेरी नोंदीची वही आजही जपलेली आहे. १४९४ मध्ये व्हेनिसमध्ये लुका पाचोली नावाच्या गणित शिकवणाऱ्या ख्रिस्ती साधूने आपल्या मोठ्या गणितग्रंथात या पद्धतीवर एक भाग छापला. त्याला अनेकदा या पद्धतीचा जनक म्हणतात, पण ते बरोबर नाही. त्याने व्हेनिसच्या व्यापाऱ्यांची चालत आलेली रीत फक्त नीट लिहून काढली.

आता बाजूंविषयी. आजच्या पुस्तकांत प्रत्येक खात्याच्या पानावर डावीकडे नावे आणि उजवीकडे जमा असते. ही निव्वळ रूढी आहे. आपल्याकडच्या जुन्या लाल बासनातल्या वह्यांत उलट, डावीकडे जमा आणि उजवीकडे नावे लिहीत, आणि त्यांचेही हिशेब बिनचूक जुळत. तेव्हा डाव्या-उजव्यात काही गूढ शोधू नका.

गल्ल्यालाही माणूस समजा

माणसांच्या पानांपर्यंत सगळे सोपे आहे. अडचण सुरू होते ती रोकड, यंत्र, भाडे अशी पाने आली की. रोकड काही माणूस नाही. तिच्याकडून येणे कसे असेल?

इथेच जुन्या व्यापाऱ्यांची खरी हुशारी आहे. त्यांनी गल्ल्यालाच माणूस मानले. समजा, दुकानात एक विश्वासू मुनीम आहे आणि त्याच्या ताब्यात पैशाची पेटी आहे. आपण त्याच्या हातात हजार रुपये ठेवले, तर ते कोणाच्या नावे लिहायचे? अर्थातच त्याच्या. त्याने ते घेतले आहेत, मागितले की त्याने ते हजर करायचे आहेत. त्याने त्यातून तीनशे काढून दिले, की तीनशे त्याच्या पानावर जमा. आता त्याच्याकडून सातशे यायचे आहेत, आणि पेटी उघडली तर सातशेच निघाले पाहिजेत. मुनीम काढून टाका आणि पानाच्या डोक्यावर 'रोकड' लिहा. झाले रोकड खाते. रोकड आली की नावे, कारण पेटीने घेतली. रोकड गेली की जमा, कारण पेटीने दिली.

यंत्र, कपाट, मालाचा साठा यांचेही असेच. चौदा हजारांचे शिलाई यंत्र घेतले तर 'यंत्र' नावाच्या पानावर चौदा हजार नावे. दुकानाचा एवढा पैसा या यंत्राने आपल्याकडे घेतला आहे.

पण घेणारा असला की देणाराही असतोच. पैसा हवेतून पडत नाही. म्हणून प्रत्येक व्यवहार दोन पानांवर लिहिला जातो, एकदा घेणाऱ्याच्या नावे आणि एकदा देणाऱ्याच्या जमा, आणि दोन्हीकडे रक्कम तीच. दुहेरी नोंद म्हणतात ती हीच. काही लोकांना वाटते की चूक होऊ नये म्हणून एकच गोष्ट दोनदा लिहितात. तसे नाही. व्यवहाराला मुळातच दोन टोके असतात, आणि आपण दोन्ही टोके लिहितो.

एक टोक मात्र नवशिक्याला पटायला वेळ लागतो. मालकाने स्वतःचे पैसे दुकानात घातले तर देणारा कोण? स्वतः मालक. वहीच्या दृष्टीने दुकान वेगळे आणि मालक वेगळा. वही दुकानाची आहे. मालक हा दुकानाला पैसे देणारा एक माणूस आहे, आणि त्याच्या पानाला भांडवल म्हणतात. त्याने दिले म्हणून भांडवल जमा. दुकान हे पैसे त्याचे देणे लागते.

आता बँकेचा संदेश पुन्हा वाचा. तो बँकेच्या वहीतून आला आहे. बँकेच्या वहीत आपले एक पान आहे, आणि आपल्या खात्यावर पगार पडला की बँक तेवढ्या रकमेची आपली देणेकरी होते. म्हणून आपल्या पानावर ती जमा लिहिते. आपण पैसे काढले की ते आपण बँकेकडून घेतले, म्हणून ते आपल्या नावे. आपण आपली वही लिहिली तर तिच्यात बँकेचे पान असेल, आणि तोच पगार आपण बँकेच्या नावे लिहू, कारण आपले पैसे बँकेने घेतले आहेत. समोरासमोर बसलेल्या दोन माणसांचे डावे-उजवे जसे उलट असते, तसे हे आहे. मुलाचे पुस्तकही चूक नाही आणि बँकही चूक नाही.

भाडे कोणी घेतले?

तिसरा नियम सगळ्यांत अवघड जातो. भाडे दिले तर भाडे खाते नावे. पण भाडे ना माणूस, ना वस्तू. घरमालकाने पैसे घेतले हे खरे, पण त्याच्याकडून ते परत यायचे नाहीत. मग ते कोणाच्या नावे?

प्रश्न असा विचारा: हे अडीच हजार गेल्याने नुकसान कोणाचे झाले? दुकान मालकाचे जेवढे देणे लागत होते, तेवढे आता लागत नाही. भाड्याचा भार शेवटी मालकावरच पडला. मालकाचे पान, म्हणजे भांडवल, जमा बाजूचे. त्यातून काही कमी करायचे तर ते समोरच्या, म्हणजे नावे बाजूला लिहायला हवे. तेव्हा भाडे खरे म्हणजे मालकाच्याच नावे आहे. उलट, शिलाईचे पैसे मिळाले की मालकाचे पान त्याच्या जमा बाजूने वाढते.

मग सरळ भांडवलाच्या पानावरच का लिहीत नाहीत? लिहिता येईल. पण वर्षाअखेर त्या पानावर शेकडो बारीक नोंदी होतील आणि भाड्यावर किती गेले, दोऱ्यावर किती गेले, हे काही कळणार नाही. म्हणून खर्चाची आणि उत्पन्नाची वेगवेगळी पाने तात्पुरती उघडतात, आणि मुदत संपली की त्या सगळ्यांची बेरीज मालकाच्या पानात ओततात. खर्चाचे प्रत्येक पान ही भांडवलाच्या नावे बाजूची एक फांदी, आणि उत्पन्नाचे प्रत्येक पान ही जमा बाजूची फांदी. एवढे समजले की तिसरा नियम पाठ करावा लागत नाही.

आपाच्या दुकानाचा पहिला महिना

आता एक पूर्ण महिना लिहून पाहू. समजा, एका आपाने गल्लीत लहानशी खोली भाड्याने घेऊन शिवणकाम सुरू केले. आकडे मुद्दाम गोल घेतले आहेत. शेजारी कागद-पेन्सिल घेऊन, प्रत्येक नावाचे एक पान करून वाचलेत तर अधिक बरे.

आपाने आपल्या बचतीचे ३०,००० रुपये गल्ल्यात ठेवले. गल्ल्याने घेतले, आपाने दिले. रोकड नावे ३०,०००, भांडवल जमा ३०,०००.

भाईजानने १०,००० दिले. रोकड नावे १०,००० हे उघड आहे. पण जमा कोणत्या पानावर? इथे मी जरा थांबते, कारण आपल्या कुटुंबांत वर्षांनंतर जे वाद उभे राहतात त्यांतले बरेच या एका न लिहिलेल्या ओळीतून येतात. भाईजानने पैसे कर्ज म्हणून दिले असतील, तर 'भाईजानचे कर्ज' असे पान उघडून त्यावर जमा. दुकान चालो वा न चालो, दहा हजार परत द्यायचे; नफ्यात त्यांचा वाटा नाही. ते भागीदार म्हणून दिले असतील, तर 'भाईजानचे भांडवल' असे पान. मग नफ्यात ठरलेला वाटा, आणि तोटा झाला तर त्यातही. आणि बहिणीला भेट म्हणून दिले असतील, तर ते आपाचेच झाले. तिच्याच भांडवलात जमा. तिन्ही प्रकारांत गल्ल्यात पडणाऱ्या नोटा अगदी सारख्या असतात. रोकड खात्याकडे पाहून फरक कधीच कळणार नाही. तो फक्त दुसऱ्या टोकाच्या पानाच्या नावात असतो. उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा, ही सूरह बकरातील ताकीद आपल्याला माहीत आहे. दुहेरी नोंद त्यापुढे जाऊन लिहिणाऱ्याला विचारते, कोणत्या नात्याने लिहू? आपाने भाईजानला विचारले; त्यांनी कर्ज म्हटले. भाईजानचे कर्ज जमा १०,०००.

मग १४,००० रोख देऊन जुने पण चांगले शिलाई यंत्र घेतले. यंत्र नावे, रोकड जमा. आपा गरीब झाली नाही हे लक्षात घ्या; पैशाने फक्त रूप बदलले.

दोरे, बटणे, अस्तर असे ३,००० रुपयांचे सामान बाजारातल्या व्यापाऱ्याकडून उधार आणले. ते महिनाभरात सगळे वापरून संपले, म्हणून आपण ते सरळ खर्च धरू. सामान खर्च नावे ३,०००, व्यापारी जमा ३,०००. गल्ल्यातून एक रुपयाही हलला नाही, तरी नोंद झाली. नुसती रोकडीची वही ठेवणाऱ्याच्या हातून नेमकी हीच गोष्ट निसटते.

महिन्यात शिलाईचे ९,००० रोख मिळाले. रोकड नावे, शिलाई उत्पन्न जमा. शेजारच्या खालांच्या घरी लग्न होते. त्यांचे ४,००० चे काम उधारीवर झाले. खाला नावे ४,०००, शिलाई उत्पन्न जमा ४,०००. काम करून दिले त्या दिवशीच ते उत्पन्न झाले. पैसे कधी येतात हा खालांच्या पानाचा प्रश्न. पुढे खालांनी १,५०० दिले तेव्हा रोकड नावे, खाला जमा. या नोंदीत उत्पन्नाचे पान अजिबात येत नाही. पुष्कळ नवशिके इथे पुन्हा उत्पन्न लिहितात आणि एकच कमाई दोनदा मोजतात.

खोलीचे भाडे २,५०० दिले. भाडे नावे, रोकड जमा. व्यापाऱ्याला उधारीपैकी २,००० दिले. व्यापारी नावे, रोकड जमा. त्याचे १,००० राहिले. आणि मुलीच्या फीसाठी आपाने गल्ल्यातून २,००० काढले. हा दुकानाचा खर्च नाही. दुकानाकडून आपाने घेतले, म्हणून आपाच्याच नावे. या पानाला उचल म्हणतात. घरखर्चाची उचल भाड्याच्या किंवा सामानाच्या पानात घुसवली की दुकान तोट्यात दिसू लागते, आणि आपाला वाटते की आपल्या हातालाच बरकत नाही.

गल्ल्यात तीस हजार, मग कमावले काय?

महिनाअखेर आपाने पेटी मोजली. आत आले ३०,०००, १०,०००, ९,००० आणि १,५००, मिळून ५०,५००. बाहेर गेले १४,०००, २,५००, २,००० आणि २,०००, मिळून २०,५००. उरले ३०,०००. आपाने तीस हजार घातले होते आणि तीसच हजार निघाले. घरातले म्हणणार, महिनाभर डोळे फोडून काही हाती आले नाही. शिवाय भावाचे दहा हजार डोक्यावर. फक्त पेटी पाहणाऱ्याला दुसरे काही म्हणता येणारही नाही.

आता सगळ्या पानांवरची शिल्लक एका कागदावर मांडू. याला तेरीज म्हणतात.

नावे बाजू: रोकड ३०,०००, यंत्र १४,०००, खाला २,५००, सामान खर्च ३,०००, भाडे २,५००, उचल २,०००. बेरीज ५४,०००.

जमा बाजू: भांडवल ३०,०००, भाईजानचे कर्ज १०,०००, व्यापारी १,०००, शिलाई उत्पन्न १३,०००. बेरीज ५४,०००.

दोन्ही बाजू जुळल्या. यात चमत्कार नाही. प्रत्येक वेळी एक रक्कम नावे आणि तीच रक्कम जमा लिहिली, तर बेरजा वेगळ्या येणार कशा?

आता तात्पुरती पाने मिटवू. उत्पन्न १३,०००, त्यातून सामान आणि भाडे मिळून ५,५०० वजा; नफा ७,५००. हा नफा आपाच्या पानावर जमा होतो आणि उचल २,००० तिच्या नावे. म्हणून तिचे भांडवल ३०,००० होते ते आता ३५,५०० झाले. खात्री करून घ्यायची तर दुकानाजवळ काय आहे ते मोजा: रोकड ३०,०००, यंत्र १४,०००, खालांकडून येणे २,५००, मिळून ४६,५००. देणे कोणाचे? भाईजानचे १०,०००, व्यापाऱ्याचे १,०००, आणि बाकी आपाचे ३५,५००. तेही ४६,५००. हा झाला ताळेबंद. ज्या पेटीत काहीच वाढ दिसत नव्हती, तिच्या मालकिणीने साडेसात हजार कमावले होते. त्यातले दोन हजार फीला गेले, आणि उरलेले साडेपाच हजार यंत्रात आणि खालांच्या उधारीत जाऊन बसले होते.

अर्थात हा आकडा थोडा फुगलेला आहे. यंत्र रोज झिजते, आणि ते दहा वर्षे चालेल असे धरले तर चौदा हजारांचा दहावा भाग, म्हणजे वर्षाला १,४०० आणि महिन्याला साधारण ११७ रुपये, घसारा म्हणून खर्चात धरायला हवेत. तेव्हा घसारा नावे, यंत्र जमा. आणि आपाच्या स्वतःच्या श्रमाची मजुरी वहीत कुठेच नाही. साडेसात हजारांत तीही आली.

बेरीज जुळत नाही तेव्हा, आणि जुळते तेव्हाही

तेरीज जुळली नाही तर आधी फरक काढा. फरक ३,००० आला, तर त्याची निम्मी रक्कम १,५०० कुठे लिहिली ते शोधा. खालांचे १,५०० त्यांच्या पानावर जमेऐवजी नावे लिहिले गेले असतील, तर बेरजेत बरोबर दुप्पट फरक पडतो. फरकाला ९ ने पूर्ण भाग जात असेल, तर आकड्यांची अदलाबदल झाली असण्याचा संभव असतो. भाड्याच्या पानावर २,५०० ऐवजी ५,२०० लिहिले तर फरक २,७००, आणि नऊने भागून येतात ३००. दोन शेजारचे अंक उलटले की फरकाला नेहमी नऊने भाग जातो, म्हणून जुने कारकून आधी हेच पाहत. मात्र भाग गेला म्हणजे हीच चूक आहे असे नाही. शोध कुठून सुरू करायचा एवढेच त्यातून कळते.

तेरीज जुळली म्हणून हिशेब बरोबर आहे, असेही समजू नये. एखादा व्यवहार लिहायचाच राहिला तर दोन्ही बाजू सारख्याच कमी होतात आणि बेरीज जुळते. मुलीची फी भाड्यात लिहिली तरी जुळते, आणि नफा मात्र दोन हजारांनी कमी दिसतो. भाईजानचे कर्ज चुकून शिलाई उत्पन्नात जमा झाले, तरीही ५४,००० समोर ५४,०००च राहतात, आणि कागदावर नफा एकदम १७,५०० होतो. अशा चुका बेरजेने सापडत नाहीत. त्या पानाबाहेरच्या जगाशी ताडून पाहाव्या लागतात. गल्ला प्रत्यक्ष मोजून रोकड खात्याशी मिळवायचा. व्यापाऱ्याच्या वहीत आपल्या नावे किती आहेत ते विचारायचे. तिथेही १,००० च असले पाहिजेत, फक्त त्याच्याकडे नावे आणि आपल्याकडे जमा. खालांना भेटून अडीच हजारांची आठवण द्यायची, तीही नम्रपणे, कारण त्या शेजारी आहेत.

दुसरा महिना सुरू होतो तेव्हा भाडे, सामान आणि शिलाई उत्पन्न यांची पाने कोरी असतात. त्यांतले सगळे आपाच्या भांडवलात ओतले गेले. उचलीचेही तसेच. रोकड, यंत्र, खाला, व्यापारी, भाईजान आणि भांडवल यांची शिल्लक मात्र पुढच्या पानावर जशीच्या तशी उतरते, कारण ती येणी-देणी अजून जिवंत आहेत.

सहा महिन्यांनी आपा भाईजानचे पैसे परत करील तेव्हा नोंद होईल: भाईजानचे कर्ज नावे १०,०००, रोकड जमा १०,०००. त्या महिन्याच्या नफ्यात एका रुपयाचाही फरक पडणार नाही. भाईजानच्या पानावर उजवीकडे दहा हजार, डावीकडे दहा हजार, आणि खाली दोन रेघा मारून खाते बंद.